कालिकतच्या किनाऱ्यावर एक परका: इतिहासाच्या गृहपाठातली रोजनिशी लिहिताना

इतिहासाच्या अभ्यासात एक प्रश्न फिरून फिरून येतो. तुम्ही मध्ययुगातले परदेशी प्रवासी आहात अशी कल्पना करा आणि एका गजबजलेल्या बंदराचं वर्णन करणारं रोजनिशीचं एक पान लिहा. प्रश्न सोपा वाटतो, म्हणून उत्तरंही एकाच छापाची येतात. 'आज मी बंदरावर पोहोचलो. तिथे खूप गर्दी होती. मसाल्यांचा सुगंध दरवळत होता. देशोदेशीचे व्यापारी रंगीबेरंगी कपडे घालून फिरत होते.' हे पान कालिकतचं आहे, खंबायतचं आहे की व्हेनिसचं, हे वाचून सांगता येत नाही. शहराचं नाव खोडून दुसरं घातलं तरी एक ओळही बदलावी लागत नसेल, तर ते पान फसलं.

प्रश्नाला गर्दीचं वर्णन नकोच असतं. एका ठरावीक वर्षी, ठरावीक महिन्यात, काहीतरी काम घेऊन आलेल्या परक्या माणसाला काय दिसलं असतं, काय समजलं असतं आणि काय समजलं नसतं, एवढंच त्याला हवं असतं. यातला शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. आपल्याला सहाशे वर्षांनंतरचं सगळं माहीत असतं आणि ते आपण त्या बिचाऱ्या प्रवाशाच्या तोंडी घालतो.

हे सगळं एका खऱ्या बंदरावर करून पाहू. बंदर मलबार किनाऱ्यावरचं कालिकत, म्हणजे आजचं केरळातलं कोळिकोड. वेळ डिसेंबर १४४२.

कालिकत घेण्याचं कारण साधं आहे. तिथे आलेल्या परक्यांनी भरपूर लिहून ठेवलं आहे आणि ते एकमेकांशी ताडून पाहता येतं. मोरोक्कोचा इब्न बतूता १३४२च्या सुमारास तिथे होता. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात झेंग हे याच्या चिनी आरमाराबरोबर मा हुआन हा दुभाषी आला. आणि १४४२च्या अखेरीस हेरातच्या सुलतान शाहरुखचा वकील, म्हणजे राजदूत, म्हणून समरकंदी अब्दुर रझ्झाक येऊन पोहोचला. आपल्या कोकणातली चौल आणि दाभोळ ही बंदरंही याच व्यापाराच्या साखळीत होती, आणि १४६९च्या सुमारास चौलला उतरलेल्या अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने टिपणंही ठेवली आहेत. पण चौलमध्ये त्याचं लक्ष लोकांच्या उघड्या अंगांकडे आणि गोरा माणूस बघायला मागे लागणाऱ्या घोळक्याकडे जास्त होतं. बंदराचा व्यवहार कसा चालायचा, यासाठी कालिकतच बरं.

आधी वारा, मग तारीख

पानाच्या वर तारीख लिहिण्याआधी वारा बघायचा. शिडाच्या जहाजांच्या काळात बंदराचं वेळापत्रक वाऱ्याच्या हातात होतं. जूनपासून ऑगस्टपर्यंत नैर्ऋत्येचा मोसमी वारा इतका जोरात असतो की मलबार आणि कोकणचा किनारा जहाजांना जवळजवळ बंदच. पावसाचा जोर ओसरला की अरबस्तान आणि इराणच्या बाजूची जहाजं यायला लागतात. पुढे हिवाळ्यात वारा उलटतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि त्याच वाऱ्यावर मिरी-सुंठ भरून जहाजं पश्चिमेला परततात.

म्हणून 'जुलैची दुपार होती आणि बंदरात शेकडो जहाजं डोलत होती' हे वाक्य कितीही सुंदर असलं तरी खोटं आहे. डिसेंबर घेतला तर चित्र जमतं: माल उतरवून झालेला आहे, खरेदी चालू आहे, परतीचा वारा सुरू झाला आहे आणि प्रत्येकाला आपला सौदा वेळेत उरकायचा आहे. बंदराची खरी गडबड या घाईत असते.

वाऱ्याचं गणित चुकलं की काय होतं, हे अब्दुर रझ्झाकनेच भोगलं. इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या हुरमुज बंदरात त्याला इतकं अडकवून ठेवलं गेलं की जहाजांचा हंगाम हातचा गेला. मग ओमानच्या किनाऱ्यावर भयंकर उन्हाळ्यात तो आजारी पडून राहिला. शेवटी वारा मिळाला तेव्हा अठरा दिवस आणि अठरा रात्रींत कालिकत आलं. म्हणजे समुद्र ओलांडायला तीन आठवडेसुद्धा नाहीत, पण वाट बघण्यात महिने. तुमच्या प्रवाशाला घरची आठवण येत असेल तर ती समुद्राच्या लांबीमुळे येण्यापेक्षा या थांबण्यामुळे येऊ द्या.

वर्षही जपून निवडायचं. इब्न बतूताने कालिकतसमोर तेरा चिनी जहाजं उभी असलेली पाहिली. त्यातलं एकेक मोठं जहाज हजार माणसांचं, सहाशे खलाशी आणि चारशे लढवय्ये, असं तो लिहितो. झेंग हेचं आरमार तर त्याहून दांडगं. हे वाचलं की ही जहाजं आपल्याही पानात हवीतच असा मोह होतो. पण चिनी बादशहाने त्या सफरी १४३३ नंतर थांबवल्या. १४४२च्या डिसेंबरात तो ताफा कालिकतला दिसणं शक्य नाही. एखादा म्हातारा खलाशी त्याच्या गोष्टी सांगताना मात्र नक्की भेटू शकतो, आणि माझ्या मते ते जास्त चांगलं आहे.

तारीख प्रवाशाच्या कालगणनेत द्यावी. इराणी मुसलमान माणूस 'डिसेंबर १४४२' लिहिणार नाही. त्याच्यासाठी तो हिजरी ८४६चा शाबान महिना. याचा एक फायदाही होतो. हिजरी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, त्यामुळे तारखेवरून चंद्र कळतो. दहावी तारीख लिहिली की रात्री मिट्ट काळोख दाखवता येत नाही.

धक्का नसलेलं बंदर

बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दगडी धक्का येतो आणि त्याला टेकलेली जहाजं. कालिकतला तसं काही नव्हतं. उघडा किनारा, समोर उघडा समुद्र. मोठी जहाजं दूर नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, माल, पाणी, सगळं होड्यांमधून लाटा कापत किनाऱ्यावर यायचं.

हा उघडेपणा किती महाग पडू शकतो, हे इब्न बतूताच्या बाबतीत दिसलं. दिल्लीच्या सुलतानाने चीनच्या बादशहासाठी दिलेल्या भेटी जहाजावर चढल्या होत्या, आणि शुक्रवारच्या नमाजासाठी तो स्वतः किनाऱ्यावर थांबला. वादळ उठलं. भेटींचं जहाज किनाऱ्यावर आपटून फुटलं, आणि त्याचं स्वतःचं सामान असलेलं दुसरं जहाज शिडं उभारून निघून गेलं. तो किनाऱ्यावरून बघत राहिला.

मग जहाजं तिथे का जायची? मिरी तिथली, हे एक कारण. दुसरं कारण शहराच्या कारभारात होतं, आणि रोजनिशीला सगळ्यात चांगला मजकूर याच कारणातून मिळतो.

अब्दुर रझ्झाक कालिकतवर फारसा खूश नव्हता. हवा, कपडे, राजाने केलेलं स्वागत, कशाबद्दलच त्याचं चांगलं मत नव्हतं. तरी एका गोष्टीचं कौतुक त्याला करावंच लागलं. व्यापारी जहाजातून माल उतरवतात, तो रस्त्यात आणि बाजारात तसाच टाकतात आणि कित्येक दिवस बघायलाही जात नाहीत. दिवाणाची माणसं रात्रंदिवस त्यावर पहारा करतात. माल विकला गेला तर चाळिसावा हिस्सा कर. विकला गेला नाही तर काहीच नाही. आणखी एक गोष्ट त्याने टिपली. भरकटलेलं जहाज एखाद्या बंदराला लागलं तर ते वाऱ्याने आणून दिलेलं धन समजून लुटायची काही ठिकाणी रीत होती. कालिकतला ती नव्हती. कुठूनही आलेलं, कुठेही जाणारं जहाज तिथे इतर जहाजांसारखंच वागवलं जाई.

नाखुश माणसाने केलेलं कौतुक इतिहासात जास्त भरवशाचं असतं, कारण त्याला ते करायची हौस नसते. तुमच्या प्रवाशालाही सगळंच आवडू देऊ नका. दोन गोष्टींवर तो कुरकुरला तर तिसऱ्या गोष्टीची त्याने केलेली वाहवा खरी वाटते.

परक्याची चूक ही पानातली सोन्याची ओळ

मा हुआन हुशार माणूस होता. कालिकतचा सौदा कसा होतो हे त्याने बारकाईने लिहिलं आहे. चिनी जहाज आलं की राजाचे अधिकारी, दलाल आणि हिशेबनीस बसतात, एकेका वस्तूचा भाव ठरतो. भाव ठरला की सगळे हातात हात देतात, आणि मग तो महाग पडो की स्वस्त, कुणी शब्द फिरवायचा नाही. मोती-पोवळ्यांचा भाव पटायला एक महिना, कधी दोन-तीन महिनेही लागतात. हिशेब करताना तिथले लोक चिनी मणीफळा वापरत नाहीत, हातापायांची बोटं वापरतात, आणि तरी रेसभर चूक होत नाही, याचं त्याला फार नवल वाटलं.

असा हा चौकस माणूस राजाच्या धर्माबद्दल मात्र लिहून बसला की तो बुद्धाला मानतो. कालिकतचा राजा सामुद्री, ज्याला पुढे पोर्तुगीज झामोरिन म्हणू लागले, हिंदू होता. मा हुआन स्वतः मुसलमान, पण चीनमध्ये वाढलेला. मूर्ती, देऊळ, घंटा दिसल्यावर त्याच्या ओळखीचा जो धर्म होता त्याच खणात त्याने हे बसवलं. १४९८मध्ये वास्को द गामाच्या माणसांनी तर कालिकतच्या देवळाला चर्च समजून आत गुडघे टेकले. देवीच्या मूर्तीत त्यांना मेरी दिसली. भिंतीवरच्या 'संतांना' चार-पाच हात कसे, हा प्रश्नही त्यांना अडला नाही.

प्रवासी कुठे चुकतो यावरून तो कुठून आला ते कळतं. म्हणून पानात एक चूक मुद्दाम ठेवावी, पण ती प्रवाशाची असावी, लिहिणाऱ्याची नव्हे. दोन्हींतला फरक साधा आहे. प्रवाशाची चूक त्याच्या मागच्या अनुभवातून येते आणि वाचणाऱ्याला ती ओळखता येते. लिहिणाऱ्याची चूक म्हणजे १४४२च्या कालिकतमध्ये लाल मिरचीचे ढीग. मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, अननस, पपई आणि तंबाखू ही सगळी अमेरिकेची देणगी, भारतात आली ती पोर्तुगीजांच्या येण्यानंतर. तिखटपणा हवा असेल तर मिरी, आलं आणि सुंठ आहेच. नाण्याला 'रुपया' म्हणू नका, तो पुढच्या शतकातल्या शेरशाहचा. कालिकतला सोन्याचं चिमुकलं 'पणम' चालायचं.

आकड्यांचंही असंच. कालिकतमध्ये वीस-तीस मशिदी आहेत असं मा हुआन लिहितो. त्याच्यानंतर आलेला अब्दुर रझ्झाक दोन सांगतो. तो बहुधा शुक्रवारी सगळे जमतात त्या मोठ्या मशिदींबद्दल बोलतो आहे, आणि मा हुआनने लहानमोठ्या सगळ्याच मोजल्या असाव्यात. रोजनिशीत आकडा लिहिताना तो प्रवाशाने मोजला, ऐकला की अंदाजाने ठोकला, हे एका शब्दात तरी कळू द्यावं.

आता पान लिहू

प्रवासी म्हणून मी राजदूत किंवा सरदार घेत नाही. हुरमुजच्या एका व्यापाऱ्याचा मुनीम घेतो. मुनीम मालाजवळ उभा असतो, भाव त्याला माहीत असतात, आणि राजवाड्यात त्याला कुणी बोलावत नाही. म्हणजे त्याने काय बघावं आणि काय फक्त ऐकावं, हे आपोआप ठरतं. त्याच्याजवळ विकायला मोती आणि गुलाबपाणी आहे, न्यायची आहे मिरी.

*शाबानची १०, हिजरी ८४६. कालिकत.*

*अस्रची नमाज उरकून लिहायला बसलो आहे. बोटांना मिऱ्यांचा वास लागला आहे आणि हिशेबाच्या वहीवर दोनदा शिंकलो.*

*आमचं जहाज इतकं दूर उभं आहे की इथून नुसती डोलकाठी दिसते. गुलाबपाण्याच्या कुप्यांची शेवटची पेटी आज उतरली. लाटेत होडी आडवी झाली, नाखव्याने कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकून ती सरळ केली. तीन कुप्या फुटल्या. तो म्हणतो दोन. मी वहीत तीन लिहिल्या आहेत.*

*मालाचे बाकीचे गठ्ठे अजून रस्त्याच्या कडेलाच पडून आहेत. पहिल्या रात्री मी तीनदा उठून बघून आलो. तिसऱ्या वेळी पहारेकऱ्याने मशाल उचलून मला एकेक गठ्ठा दाखवला आणि हसला. दुभाषी म्हणतो, विकलात तर दिवाण चाळिसावा हिस्सा घेईल, नाही विकलात तर काही मागणार नाही. मी हे दोघांकडून विचारून घेतलं. चारशे पणमांचा माल गेला तर दहा पणम. आम्ही वर्षाकाठी धर्मासाठी काढतो तेवढाच हा हिस्सा. हुरमुजच्या दिवाणाचं नाव मी इथे काढत नाही.*

*मोती विकले गेलेले नाहीत. इथला चेट्टी व्यापारी रोज येतो, एकेक मोती उन्हात धरतो, परत ठेवतो, घरच्यांची खुशाली विचारतो आणि जातो. आज त्याने पहिल्यांदा आकडा सांगितला. हिशेब केला तो हाताच्या बोटांवर, आणि ती संपल्यावर पायाच्या. मी वहीत मांडून पाहिला. त्याचाच बरोबर निघाला. भाव जुळला की सगळे हातात हात देतील, त्यानंतर तक्रार चालत नाही असं कळलं. म्हणून आधीच तक्रार करून घेतो आहे.*

*मिरी काळीच उगवते असं मी आजवर समजत होतो. इथे डोंगराकडून टोपल्या येतात त्यात हिरवे दाणे असतात. चटयांवर उन्हात पसरले की ते सुरकुततात आणि काळे पडतात. इतकी वर्षं मी ती तोलली, पण ओली कधी पाहिली नव्हती.*

*लोक कमरेला आखूड वस्त्र गुंडाळतात, वर काही नाही. पुष्कळांच्या हातात कट्यार आणि ढाल असते. आपल्या धर्माचे व्यापारी अरबांसारखे लांब झगे घालून घामाने निथळतात, मीही त्यातलाच. कोण उमराव आणि कोण हमाल हे कपड्यांवरून ओळखता येत नाही. हेरातच्या सुलतानाचा वकील इथे आला आहे. त्याच्याकडचा एक नोकर शुक्रवारी मशिदीत भेटला. तो सांगतो की राजाही असाच उघड्या अंगाने बसला होता आणि त्याने वकीलसाहेबांची म्हणावी तशी कदर केली नाही. राजामागे गादी मुलाला मिळत नाही, बहिणीच्या मुलाला मिळते, असंही तो म्हणाला. नोकरांच्या गप्पा असाव्यात.*

*गाईचं मांस इथे मागूसुद्धा नये. गाय मारणाऱ्याचा जीव घेतात. लोक कपाळाला राख लावतात, ती शेणाची असते म्हणे. उन्हाने डोकं दुखू नये म्हणून लावत असावेत. दोन दिवस माझंही दुखतं आहे, पण विचारायची हिंमत झाली नाही.*

*काथ्या वळणाऱ्यांच्या पडवीत एक म्हातारा खलाशी बसतो. चीनच्या बादशहाची जहाजं यायची तेव्हा समुद्र शहरासारखा दिसायचा, असं तो सांगतो. ती येईनाशी होऊन दहाएक वर्षं झाली. इथल्या धाडसी खलाश्यांना लोक अजून चिन्यांची पोरं म्हणतात. त्यांच्या जहाजांच्या वाटेला चाचे जात नाहीत.*

*वारा आता डोंगराकडून येतो. रमजान इथेच काढावा लागेल. ईदनंतर निघू असं नाखुदा म्हणतो. चेट्टीने तोवर मन बनवलं तर बरं.*

या पानात काय कुठून आलं

मुनीम, त्याचा चेट्टी, होडीवाला आणि म्हातारा ही कल्पनेतली माणसं आहेत. त्यांच्याभोवतीचं जग मात्र बहुतेक सगळं नोंदींतून उचललेलं आहे. रस्त्यावरचा माल, पहारा, चाळिसावा हिस्सा, आखूड वस्त्र, कट्यार-ढाल, बहिणीच्या मुलाचा वारसा, गोवधाची शिक्षा आणि 'चिन्यांची पोरं' हे अब्दुर रझ्झाककडून. बोटांवरचा हिशेब आणि हातात हात देण्याची रीत मा हुआनकडून. डिसेंबरात मिरी वाळत असणं हे मिरीच्या हंगामातून आलं, कारण मलबारात तोडणी हिवाळ्यातच होते. गृहपाठ देताना असं एखादं टिपण खाली जोडलं तर शिक्षकांना कल्पना कुठे संपते आणि माहिती कुठे सुरू होते ते लगेच दिसतं. गुण बहुधा त्यावरच असतात.

गादीच्या वारसाबद्दल मुनीम अविश्वास दाखवतो, तो अविश्वास चुकीचा आहे. सामुद्रीच्या घराण्यात वारसा खरंच मातृकुळातून जायचा. म्हणजे प्रवाशाने खरी गोष्ट ऐकली आणि ती खोटी समजला. राखेच्या बाबतीत उलट झालं. दिसलं ते खरं, लावलेला अर्थ चुकीचा. हुरमुजच्या मुनिमाला भस्म माहीत असण्याचं कारण नाही, ऊन मात्र चांगलं माहीत आहे, म्हणून त्याने उन्हाशी संबंध जोडला. या दोन जागा वाचणाऱ्याला हेरता येतील एवढ्याच उघड ठेवायच्या. प्रवाशाच्या तोंडूनच 'मी चुकलो' असं वदवून घेतलं की गंमत गेली.

एक अडचण खरी आहे. अब्दुर रझ्झाकने इथल्या लोकांच्या रंगाबद्दल आणि उघड्या अंगाबद्दल जे लिहिलं, त्यात सरळ तुच्छता आहे. मूळ नोंद तशी आहे म्हणून ती शाळेच्या पानात उतरवावी का? मला वाटतं, प्रवाशाला आजच्या माणसासारखं उदार करणं जितकं खोटं, तितकंच ती शिवीगाळ जशीच्या तशी उचलणं आळशीपणाचं. प्रवाशाची अस्वस्थता त्याच्यावरच उलटू द्यावी. झगा घालून घामाघूम झालेला मुनीम उघड्या माणसांकडे बघतो, तेव्हा शहाणं कोण हे वाचणारा ठरवतो.

पान फसण्याची आणखी एक नेहमीची जागा म्हणजे प्रवाशाला सर्वज्ञ करणं. 'कालिकत हे त्या काळातील हिंदी महासागरातील व्यापाराचे प्रमुख केंद्र होते' हे पाठ्यपुस्तकाचं वाक्य आहे. कुठलाही माणूस आपल्या वहीत 'त्या काळातील' असं लिहीत नाही. तीच माहिती मुनिमाच्या नजरेतून द्यायची तर हबशी, झांजिबारी आणि मक्केला जाणाऱ्या खलाश्यांच्या गर्दीत त्याला मचव्यात जागा मिळत नाही, असं लिहिता येतं. ही नावं अब्दुर रझ्झाकच्या यादीतलीच आहेत.

शाळेत बहुतेक वेळा दीडशे-दोनशे शब्दांची मर्यादा असते. वरचं पान त्यात मावणार नाही. कापताना सगळ्या परिच्छेदांतून थोडं थोडं छाटू नका, त्याने सगळंच पातळ होतं. तारीख आणि वारा ठेवा, रस्त्यावरच्या मालाचा पूर्ण परिच्छेद ठेवा, राखेची चूक ठेवा. म्हातारा खलाशी, राजा आणि मोती सरळ काढून टाका. शब्द उरले तर हिरव्या मिऱ्यांना द्या.